टी ट्री, गंधक की सॅलिसिलिक? तीन ट्यूब घरात आहेत, लेकीची हनुवटी सोललीय

जुळे_सोलापूरची_आई · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझी लेक अकरावी सायन्सला आहे. वर्षभर तिला हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने पिंपल्स येतायत. सगळ्या चेहऱ्यावर नाहीत, तेवढ्याच पट्ट्यात. काही नुसते पांढरे ठिपके, काही लाल, दुखरे. क्लासमधल्या मैत्रिणींनी प्रत्येकीने वेगळं सांगितलं म्हणून आमच्याकडे तीन ट्यूब जमल्या: एक टी ट्रीचं जेल, एक गंधकाचं क्रीम आणि एक सॅलिसिलिक ॲसिडचं जेल. तिन्हींवर ‘पिंपलवर थेट लावा’ असंच लिहिलंय.

गेले आठ दिवस ती रात्री तिन्ही एकावर एक लावत होती. मला काल कळलं, तेसुद्धा सकाळी तोंड धुताना ती ‘आई गं’ म्हणून ओरडली तेव्हा. साध्या पाण्यानेही हनुवटी झोंबतेय. कातडी ताणल्यासारखी चकाकतेय, ओठाखाली पापुद्रे निघालेत. पिंपल्स आहेत तिथेच आहेत.

यातलं कुठलं ठेवू आणि कुठलं टाकून देऊ? त्यात एप्रिलचं ऊन. ती सायकलने क्लासला जाते.

---

होटगी_रोड · सोमवार, रात्री १०.१५

ताई, टी ट्री ठेवा, बाकीची दोन्ही बाहेर टाका. टी ट्री झाडापासून काढतात, नैसर्गिक आहे. मी दोन वर्षं वापरतेय, कधी त्रास झाला नाही. सॅलिसिलिक नावातच ॲसिड आहे, कोवळ्या कातडीला कशाला? सोललं आहे ते त्यानेच. गंधक तर आपल्याकडे खरजेला लावायचे, चेहऱ्याला नाही.

---

मेडिकलवाला_काका · सोमवार, रात्री १०.५०

माझं विजापूर रोडला मेडिकल आहे, सव्वीस वर्षं झाली. ताई, ठेवायचं-टाकायचं नंतर बघू. आज रात्रीपासून तिन्ही बंद. सौम्य फेसवॉश किंवा नुसतं पाणी, ओल्या कातडीवर साधी पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर, बस. पाणी झोंबायचं पूर्ण थांबेपर्यंत काहीही औषधी लावू नका. पापुद्रे ओढून काढू नका. डोळ्याभोवती किंवा ओठावर सूज आली, पाण्याचे फोड आले किंवा पिवळं पाणी सुटलं, तर वाट न बघता त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. आणि श्वास लागला, घसा आवळल्यासारखा वाटला, तर सरळ सिव्हिलची कॅज्युअल्टी. ते फार क्वचित होतं, पण होतं. सॅलिसिलिक आणि बेंझॉइल पेरॉक्साइडच्या पिंपलच्या औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध खात्याने २०१४ साली याच कारणासाठी इशारा काढला होता.

आता माझं एक काम करा. तिन्ही ट्यूब समोर घ्या आणि मागच्या बारीक अक्षरांत काय आहे ते जसंच्या तसं इथे लिहा. पुढचं मोठं नाव नको. टक्के असतील तर टक्के. ‘प्रत्येक ग्रॅममध्ये इतके मिलिग्रॅम’ असं असेल तर तसं. काहीच आकडा नसेल तर घटकांची यादी क्रमाने.

---

अक्कलकोटकर · मंगळवार, सकाळी ७.०५

लेकीला आधी विचारा की सल्फाची ॲलर्जी आहे का. माझ्या बहिणीला सल्फाच्या गोळ्यांनी अंगभर पुरळ आलं होतं, चार दिवस ॲडमिट होती. गंधकाचं क्रीम म्हणजे सल्फरच की ओ. अशांनी त्याला हातसुद्धा लावू नये.

---

मेडिकलवाला_काका · मंगळवार, सकाळी ८.२०

अक्कलकोटकर, तुमची काळजी रास्त आहे, पण या दोन गोष्टी वेगळ्या. सल्फाच्या गोळ्या म्हणजे सल्फोनामाइड, तो एक मोठा रेणू आहे आणि ॲलर्जी त्याच्या रचनेची असते. क्रीममधलं गंधक म्हणजे नुसतं मूलद्रव्य. एकाची ॲलर्जी म्हणून दुसऱ्याची असं होत नाही. मात्र काही पिंपलच्या औषधांत गंधकाबरोबर सल्फासेटामाइडही घालतात. तुमच्या बहिणीने ते मात्र टाळावं. म्हणजे इथेही पाठीमागचं बारीक अक्षरच वाचायचं.

---

जुळे_सोलापूरची_आई · मंगळवार, दुपारी २.३०

काका, चष्मा लावून आणि मोबाइलचा टॉर्च मारून वाचलं. लिहिते.

सॅलिसिलिकचं जेल: ‘प्रत्येक ग्रॅममध्ये सॅलिसिलिक ॲसिड २० मिलिग्रॅम’. खाली अल्कोहोल आहे. इशारा असा: फक्त बाहेरून लावण्यासाठी, डोळ्यांपासून दूर ठेवा, आगीजवळ नको, दुसरं पिंपलचं औषध सोबत लावल्यास कोरडेपणा आणि जळजळ वाढू शकते. सुरुवात दिवसातून एकदा.

गंधकाचं क्रीम: ‘गंधक ५ टक्के, झिंक ऑक्साइड’. फाटलेल्या किंवा सोललेल्या कातडीवर लावू नये, मोठ्या भागावर लावू नये, फक्त पिंपल असलेल्या जागी.

टी ट्रीच्या जेलवर टक्के कुठेच नाहीत. पुढे मोठ्या हिरव्या अक्षरांत नाव आणि पानाचं चित्र. मागे यादी: पाणी, ग्लिसरीन, कोरफड, कार्बोमर, अजून तीन-चार नावं, मग फेनॉक्सिइथेनॉल, त्याच्यानंतर मेलाल्युका अल्टर्निफोलिया लीफ ऑइल, मग सुगंध आणि दोन रंग.

म्हणजे गंधकाच्या ट्यूबवर ‘सोललेल्या कातडीवर नको’ आणि सॅलिसिलिकवर ‘सोबत दुसरं नको’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तीही वाचत नाही आणि मीही वाचलं नव्हतं. वाईट वाटतंय.

---

एमआयडीसी_लॅब · मंगळवार, संध्याकाळी ६.४५

मी चिंचोळीला एका साबण-शाम्पूच्या युनिटमध्ये क्वालिटीला आहे. टी ट्रीच्या यादीबद्दल सांगते, कारण तिथे आकडा नसला तरी अंदाज काढता येतो.

यादीत जास्त प्रमाणाचा घटक आधी लिहायचा, कमीचा नंतर. एक टक्क्याच्या खालचे मात्र कसेही मागेपुढे लिहिलेले चालतात. फेनॉक्सिइथेनॉल हे माल खराब होऊ नये म्हणून घालतात आणि ते सहसा एक टक्क्याच्या वर घालत नाहीत. तुमच्या जेलमध्ये टी ट्रीचं तेल त्याच्याही नंतर आहे. म्हणजे तेल एक टक्का किंवा त्याहून कमी. प्रत्यक्षात अशा जेलमध्ये मी पाव-अर्धा टक्काही पाहिलाय. वास येतो, नाव लावता येतं.

त्यामुळे इतकी सोललेली कातडी एकट्या त्या जेलने झाली असेल असं मला वाटत नाही. आठ दिवस सॅलिसिलिक अधिक गंधक, हेच कारण असावं.

---

होटगी_रोड · मंगळवार, संध्याकाळी ७.१०

म्हणजे मी म्हणाले तेच. टी ट्री निर्दोष.

---

जुळे_सोलापूरची_आई · मंगळवार, रात्री ९.५५

थांबा. आत्ता लेकीशी शांतपणे बोलले. तिने जे सांगितलं ते लिहायलाच हवं.

जेलने काही फरक पडत नाही म्हणून तिने माझ्याच कपाटातली टी ट्रीच्या शुद्ध तेलाची छोटी बाटली घेतली. ती मी गेल्या उन्हाळ्यात डोक्यातल्या कोंड्यासाठी आणली होती आणि नंतर विसरले. तळहातावर वाटाण्याएवढं जेल घ्यायचं, त्यात तेलाचे दोन थेंब, बोटाने फिरवायचं आणि हनुवटीला चोळायचं. हे सॅलिसिलिक लावून झाल्यावर. सगळ्यात वर गंधक.

तिने मला करून दाखवलं. जेलवर तेलाचे बारीक गोल चकाकणारे ठिपके तरंगत होते. कितीही फिरवलं तरी ते एकजीव होत नव्हते. बाटली पारदर्शक काचेची, बाथरूमच्या खिडकीत ठेवलेली होती. बाटलीवर मागे लिहिलंय: ‘थेट त्वचेवर लावू नये, पातळ करूनच वापरावे, पोटात घेतल्यास विषारी, मुलांपासून दूर ठेवा’.

---

मेडिकलवाला_काका · मंगळवार, रात्री १०.४०

आता चित्र दिसलं. ताई, हिशोब मांडू, म्हणजे लेकीलाही पटेल.

वाटाण्याएवढं जेल म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. टी ट्रीचा एक थेंब पाण्याच्या थेंबाहून लहान पडतो, मिलीलीटरला तीस-पस्तीस थेंब. तेव्हा दोन थेंब म्हणजे जवळपास पाच-सहा शतांश ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमला एवढं तेल म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. ज्या प्रमाणावर पिंपल्ससाठी याचा नीट अभ्यास झालाय ते पाच टक्के. म्हणजे तिने दुप्पट लावलं, आणि हा आकडाही सरासरीचा. तेल जेलमध्ये मिसळलंच नाही. जिथे तो चकाकणारा ठिपका टेकला तिथे कातडीवर जवळजवळ शुद्ध तेलच गेलं, आणि शेजारी काहीच नाही. कंपनीच्या जेलमध्ये तेल पाण्यात एकसारखं राहावं म्हणून त्यासाठीचे घटक घालतात. तळहातावर ते जमत नाही.

दुसरी गोष्ट बाटलीची. हे तेल हवा आणि उजेड लागला की बिघडतं आणि त्यातून जे तयार होतं तेच कातडीला जास्त डसतं, ॲलर्जीही त्यानेच जास्त होते. वर्षभर खिडकीत, पांढऱ्या काचेत, सोलापूरच्या उन्हाळ्यात. ताज्या तेलाचा वास कापूर-जायफळासारखा स्वच्छ असतो. बिघडलेल्याचा टर्पेंटाइनकडे झुकतो, उग्र. झाकण उघडून दुरूनच बघा. वास कसाही येवो, ही बाटली आता टाकायची.

आणि क्रम बघा. सॅलिसिलिकने आधी वरचा थर सैल केला, त्यावर दहा टक्के तेल, त्यावर गंधक. गंधक आणि सॅलिसिलिक दोन्ही वरचा मेलेला थर सोडवतात. तिन्ही वस्तू एकेकट्या वापरल्या असत्या तर बहुधा इतकं झालं नसतं.

होटगी रोड ताई, तुमच्या कातडीला टी ट्री मानवलं, चांगलं आहे. पण ‘झाडाचं आहे म्हणून निर्दोष’ हे खरं नाही. बिब्बाही झाडाचाच.

---

कुरूपग्रस्त · बुधवार, सकाळी ९.१५

विषय सॅलिसिलिकचा निघालाय म्हणून विचारतो. वडिलांच्या तळपायाला कुरूप आहे, त्यासाठी मेडिकलमधून एक छोटी बाटली आणलीय, ब्रशवाली. त्यावर सॅलिसिलिक ॲसिड १६.७ टक्के आणि लॅक्टिक ॲसिड १६.७ टक्के. तुमच्या जेलमध्ये २ टक्के म्हणताय. मग आमची बाटली आठपट चांगली झाली ना? माझ्या कपाळावर बरेच पिंपल्स आहेत, थोडं लावून बघू का? वडिलांना मात्र गुण येत नाहीये, शुगर असल्यामुळे जखमा तशाही लवकर भरत नाहीत.

---

मेडिकलवाला_काका · बुधवार, सकाळी ९.३०

दादा, कपाळाला अजिबात लावू नका. आणि वडिलांच्या पायालाही आजपासून बंद करा. दोन्ही गोष्टी आजच.

कुरूप आणि चामखिळीचं औषध कातडी जाळून थर उतरवण्यासाठीच बनवलेलं असतं. ते लावल्यावर वर पांढरी पातळ फिल्म धरते, औषध खाली कोंडून ठेवते. म्हणून तर आजूबाजूच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावून मग ते फक्त कुरपावर टेकवायचं असतं. चेहऱ्यावर ते लावलं तर भाजल्यासारखा चट्टा पडतो आणि आपल्या सावळ्या कातडीवर त्याचा काळा डाग महिनोन् महिने राहतो. पिंपल्ससाठी सॅलिसिलिकचं प्रमाण अर्धा ते दोन टक्के. त्याच्यावर जाऊन पिंपल लवकर जात नाही, कातडी जाते.

आणि मधुमेह असलेल्यांनी हे औषध डॉक्टरांना न विचारता पायाला लावू नये, हा इशारा त्या बाटलीच्या कागदावर असतो. पायाची संवेदना कमी असते, भाजलेलं कळत नाही, जखम होते आणि चिघळते. आज संध्याकाळी उजेडात त्यांचा तळपाय नीट बघा. भोवती पांढरी, ओली किंवा फाटलेली कातडी दिसली तर उद्या सकाळी डॉक्टर.

---

कुरूपग्रस्त · बुधवार, रात्री ८.५०

बघितलं. कुरपाच्या बाजूने नाण्याएवढी कातडी पांढरी पडलीय आणि एक चीर आहे. त्यांना काहीच दुखत नव्हतं. उद्या घेऊन जातोय. धन्यवाद काका.

---

टर्किश_टॉवेल · बुधवार, रात्री ९.२०

गंधकाच्या क्रीमवर माझा अनुभव. मी दीड वर्ष फक्त तेच वापरलं, पाच टक्क्यांचंच. पिकलेल्या, पिवळं तोंड आलेल्या पिंपलवर त्याच्याइतकं मला काही लागू पडलं नाही. रात्री टिकलीएवढं लावायचे, सकाळी फोड बसलेला असायचा. सॅलिसिलिकने माझे नाकावरचे काळे ठिपके कमी झाले, पण पिकलेल्या फोडाला त्याने फरक पडला नाही.

त्रास दोन. एक वास. काडेपेटीसारखा, आणि घाम आला की सडक्या अंड्यासारखा. दुसरा, माझी गळ्यातली चांदीची साखळी पहिल्याच आठवड्यात काळी पडली. मला वाटलं सराफाने फसवलं. त्यानेच सांगितलं की गंधक चांदीला धरतं.

आणि आमचं घर टॉवेलवाल्यांचं आहे म्हणून सांगते: लेकीला नवा जाड टर्किश टॉवेल चेहऱ्याला देऊ नका. त्याचे घट्ट फासे सोललेल्या कातडीवर खसखशीत लागतात. जुना, धुऊन मऊ झालेला सुती पंचा घ्या आणि पुसायचं नाही, टिपायचं.

---

होटगी_रोड · गुरुवार, सकाळी १०.०५

काका, बिब्ब्याचं पटलं. बाटलीवर ‘विषारी’ लिहिलेलं असतं हे मला माहीतच नव्हतं, माझी बाटली नातवाच्या हाताला लागेल अशी होती, आता वर ठेवलीय. पण एक विचारते. टी ट्री पिंपल्सवर बेंझॉइल पेरॉक्साइडएवढंच चालतं असं मी ठिकठिकाणी वाचलंय. मग ते खोटं का?

---

मेडिकलवाला_काका · गुरुवार, दुपारी १.३०

खोटं नाही, अर्धं आहे. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ जणांवर तपासणी झाली. एका गटाला पाच टक्के टी ट्रीचं जेल, दुसऱ्याला पाच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड. दोन्हींनी पिंपल्स कमी झाले. टी ट्री उशिरा लागू पडलं, पण कोरडेपणा आणि जळजळ कमी झाली. पुढे इराणमध्ये पाच टक्के जेल औषध नसलेल्या जेलशी ताडून पाहिलं, त्यातही टी ट्री सरस ठरलं. दोन्हीकडे पाच टक्के. आणि ते कारखान्यात एकजीव केलेलं जेल होतं, तळहातावरचं नाही.

आता ताईंच्या ट्यूबमध्ये एक टक्क्याहून कमी. त्या अभ्यासाचं श्रेय या ट्यूबला देता येत नाही. टी ट्री घ्यायचंच तर पाच टक्के असं छापलेलं घ्या. नसेल छापलेलं तर ते कोरफडीचं सुवासिक जेल समजा.

सॅलिसिलिक आणि गंधकाचं तसं नाही. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या पिंपलच्या औषधांची सरकारी यादी आहे. त्यात सॅलिसिलिक अर्धा ते दोन टक्के, गंधक तीन ते दहा टक्के अशा मर्यादा बांधून दिल्यात. टी ट्री त्या यादीत नाही. लेबलवर ‘सोबत दुसरं पिंपलचं औषध लावलं तर जळजळ वाढेल, तसं झालं तर एकाच वेळी एकच लावा’ हे वाक्यही तिथे सक्तीचं आहे. ताईंच्या सॅलिसिलिकच्या ट्यूबवर त्याचंच भावंड आहे.

---

नवी_पेठ · गुरुवार, रात्री ११.१०

ताई, इतका विचार कशाला. लाली आणि जळजळ आहे तर एक मलम आहे, सॅलिसिलिकही आहे त्यात, ३ टक्के, आणि लाली दोन दिवसांत जाते. माझ्या मिस्टरांना कोपरावरच्या चट्ट्याला दिलं होतं, उरलंय म्हणून मीही गालाला लावते. एकदम गोरी, मऊ कातडी होते.

---

मेडिकलवाला_काका · शुक्रवार, सकाळी ७.४०

नवी पेठ ताई, त्या ट्यूबच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ आहे का बघा. आणि सॅलिसिलिकच्या आधी बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असं नाव आहे का. असेल तर ते स्टिरॉइड आहे. सोरायसिससारख्या जाड चट्ट्यांसाठी डॉक्टर देतात. लाली दोन दिवसांत जाते ती त्या स्टिरॉइडने, सॅलिसिलिकने नाही. चेहऱ्यावर आठवड्यामागून आठवडे लावलं तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, लव वाढते, आणि सोडलं की बारीक बारीक फोडांचा भडका उडतो. तुम्ही किती दिवस लावताय?

---

नवी_पेठ · शुक्रवार, सकाळी ८.१५

लाल रेघ आहे. बेटामेथासोन लिहिलंय. दिवाळीपासून लावते, रोज नाही, दोन दिवसाआड. एक-दोनदा सोडून बघितलं तर चेहरा आग आग झाला म्हणून परत सुरू केलं.

---

मेडिकलवाला_काका · शुक्रवार, सकाळी ८.३०

मग स्वतःहून एकदम सोडू नका आणि चालूही ठेवू नका. ट्यूब हातात घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. हळूहळू कसं उतरवायचं ते तेच ठरवतील, इथे लिहून ते होणार नाही.

---

जुळे_सोलापूरची_आई · पुढचा गुरुवार, रात्री ९.००

दहा दिवसांनी लिहितेय. तिसऱ्या दिवशी पाणी झोंबायचं थांबलं. पापुद्रे आपोआप गेले. हनुवटीच्या डाव्या बाजूला मात्र, जिथे ती तेलाचा हात जास्त फिरवायची, तिथे तपकिरी सावली राहिलीय. आणि चौथ्या दिवशी तिथेच दोन दिवस खाज सुटली होती, बारीक पुरळ कानाच्या पाळीखालपर्यंत गेलं होतं. तिथे तिने काहीच लावलं नव्हतं. मग ते बसलं.

आता पुन्हा सुरू करायचं तर कुठलं? लेक म्हणते गंधक नको, क्लासमध्ये वास येईल.

---

मेडिकलवाला_काका · पुढचा गुरुवार, रात्री १०.२०

ताई, ती खाज महत्त्वाची आहे. नुसती कातडी भाजली असती तर जिथे लावलं तिथेच, लगेच जळजळ, आणि बंद केलं की उतरती. तुम्ही सांगताय ते उशिरा आलं, खाजलं आणि न लावलेल्या जागी पसरलं. यात मला टी ट्रीच्या ॲलर्जीचा संशय येतो. नक्की सांगता येणार नाही. त्यासाठी पाठीवर पट्ट्या लावून तपासणी करतात, ती त्वचेचे डॉक्टर करतील. तोवर टी ट्री असलेलं काहीच नको, जेल नको, फेसवॉश नको, शाम्पूही नको. ॲलर्जी असेल तर पाव टक्कासुद्धा पुरतो.

मी असतो तर सॅलिसिलिक २ टक्केच धरलं असतं, कारण तिला पांढरे ठिपके जास्त आहेत आणि सॅलिसिलिक तेलात विरघळतं, छिद्रात उतरतं. पहिले तीन दिवस जबड्याच्या कडेला फक्त एका-दोन ठिकाणी, पातळ, एक वेळ. त्रास नाही झाला तर त्या पट्ट्यावर रात्री एकदा. कोरडं वाटलं की दिवसाआड. निकाल सहा-आठ आठवड्यांनी बघायचा, आठ दिवसांनी नाही. ॲस्पिरिनचा कधी त्रास झाला असेल तर हे सुद्धा आधी विचारून. दिवसा सनस्क्रीन आणि स्कार्फ, नाहीतर ती तपकिरी सावली अजून गडद होईल.

---

एमआयडीसी_लॅब · पुढचा गुरुवार, रात्री १०.५५

काकांशी माझं थोडं वेगळं मत. सॅलिसिलिक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्या जेलमध्ये अल्कोहोल आहे. नुकत्याच भरलेल्या कातडीला एप्रिलच्या उन्हात अल्कोहोल परत कोरडं करेल. मी गंधकाचं क्रीम निवडलं असतं, तेही रात्रभर नाही. संध्याकाळी घरी आल्यावर लाल पिंपलवर दहा मिनिटं लावून धुवायचं. वासही राहत नाही. किंवा अल्कोहोल नसलेलं, १ टक्क्याचं सॅलिसिलिक शोधा, मिळतं.

---

मेडिकलवाला_काका · पुढचा गुरुवार, रात्री ११.१५

दहा मिनिटांचा मार्ग चांगला आहे, मान्य. पांढऱ्या ठिपक्यांवर गंधक पुरेल असं मला वाटत नाही, पण सुरुवातीला कातडी महत्त्वाची. ताई, दोघांपैकी कुठलंही एकच घ्या. आणि ज्या गाठी आतून दुखतात, वर तोंड येत नाही, त्यांना या तिन्हींपैकी काहीच पोचत नाही. तशा दोन-तीनच्या वर असतील, किंवा पाळीच्या तारखा पुढेमागे होत असतील, तर जबड्याच्या कडेचे पिंपल्स डॉक्टरांनाच दाखवा.

---

जुळे_सोलापूरची_आई · पुढचा शुक्रवार, सकाळी ७.३०

पाळी तीन-तीन महिने येत नाही. मला या दोन गोष्टींचा संबंध असेल असं वाटलंच नव्हतं. सोमवारची वेळ घेतलीय, त्या तपासणीचंही विचारते. तिन्ही ट्यूब आणि तेलाची बाटली पिशवीत घालून नेणार आहे, डॉक्टरांनाही मागचं बारीक अक्षर वाचू दे. तोवर फक्त मॉइश्चरायझर आणि जुना पंचा.

---

कुरूपग्रस्त · पुढचा शुक्रवार, दुपारी १२.१०

वडिलांचं ड्रेसिंग सुरू आहे, एक दिवसाआड. डॉक्टरांनी कुरूप ब्लेडने तासून काढलं आणि चप्पल बदलायला सांगितली. काका, ती ब्रशवाली बाटली अर्धी उरलीय, माझ्या हाताच्या चामखिळीला चालेल का? मला शुगर नाही.

---

मेडिकलवाला_काका · पुढचा शुक्रवार, दुपारी १२.४०

हाताला चालेल, आधी झाकणाखालची तारीख बघा आणि घट्ट झालं असेल तर टाकून द्या. आधी कोमट पाण्यात हात पाच मिनिटं बुडवा, पुसा, कडेने व्हॅसलीन लावा, मग चामखिळीवरच एक थेंब. वाळेपर्यंत गॅसजवळ जाऊ नका, ते पेट घेतं.

---

कुरूपग्रस्त · पुढचा शुक्रवार, दुपारी १२.५५

तारीख गेल्या ऑक्टोबरची आहे. टाकतो.